कॉर्नर जवळच्या खांबावर

शालेय संघाचा कॉर्नर बहुधा दूरच्या खांबापर्यंत पोहोचत नाही. मुलांच्या पायात तेवढी ताकद नसते. म्हणून डाव जवळच्या खांबावर रचावा. किक मारणारा हात वर करतो, तेव्हा पेनल्टी स्पॉटजवळचा खेळाडू आधी दोन पावलं मागे सरकतो आणि मग झपाट्याने जवळच्या खांबाकडे धावतो. चेंडू त्याच्या डोक्याला नुसता चाटून मागे जावा. दुसरा खेळाडू दूरच्या खांबाशी उशिरा पोहोचतो. लवकर पोहोचला तर तो उभा राहतो आणि सहज अडवला जातो. सरावात हीच चूक सर्वांत जास्त दिसते.

बचावात मी सर्वांत धीट हेडर मारणाऱ्याला गोल एरियाच्या जवळच्या कोपऱ्यावर ठेवेन. बाकीच्यांनी अंग अर्धं वळवून चेंडू आणि आपला माणूस, दोघंही नजरेत ठेवावेत.

थ्रो-इनवर थेट ऑफसाइड नसतो, म्हणून एकाने बचावफळीच्या मागे धावावं. बचाव त्याच्यामागे ओढला गेला की जवळच्या साथीदाराने चेंडू थ्रो टाकणाऱ्यालाच परत द्यावा. बचाव करणारे नेमकं त्यालाच मोकळं सोडतात. त्याच्यावर एक माणूस आधीच नेमावा.