प्रवेश सुरू आहेत, पण कोणासाठी?

मार्च महिना लागला की गावोगावच्या चौकांत शाळांचे फ्लेक्स झळकू लागतात आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर प्रवेशाची पत्रके फिरू लागतात. त्यांतले बहुतेक मजकूर साधारण असे असतात: ‘प्रवेश सुरू! प्रवेश सुरू!! पंचक्रोशीतील नामांकित शाळा. उज्ज्वल यशाची अखंड परंपरा, 100 टक्के निकाल. तज्ज्ञ व अनुभवी शिक्षकवृंद, संस्कारक्षम वातावरण, भव्य क्रीडांगण, मोफत पाठ्यपुस्तके. इयत्ता पहिलीसाठी वय 6 वर्षे पूर्ण. मर्यादित जागा, प्रथम येणाऱ्यास प्राधान्य. पालक व पाल्याने सर्व कागदपत्रांसह मुलाखतीस उपस्थित राहावे. त्वरा करा! संपर्क: शाळेचे कार्यालय, वेळ 10 ते 5.’

हा मजकूर कोणत्याही एका शाळेचा नाही. नेहमी दिसणारी वाक्ये एकत्र करून तो नमुन्यादाखल घेतला आहे. तालुक्याच्या गावातली, मराठी माध्यमाची, अनुदानित शाळा डोळ्यांसमोर ठेवून तो नव्याने लिहायचा झाला, तर काय काय बदलावे लागेल?

सुरुवात वयापासून करावी, कारण सगळ्यात मोठे नुकसान तिथे होते. ‘वय 6 वर्षे पूर्ण’ हे वाक्य ऐकायला स्पष्ट वाटते. पण कोणत्या तारखेला पूर्ण? पालक साहजिकच शाळा सुरू होण्याचा दिवस धरतात. राज्यात मात्र 18 सप्टेंबर 2020 च्या शासन निर्णयापासून प्रवेशाच्या वयासाठी 31 डिसेंबर ही तारीख धरली जाते. समजा, एखाद्या मुलीचा जन्म 12 नोव्हेंबर 2020 चा आहे. जून 2026 मध्ये ती जेमतेम साडेपाच वर्षांची असेल. तिची आई पत्रक वाचेल, बोटांवर हिशेब करेल आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणेल. प्रत्यक्षात ही मुलगी 31 डिसेंबर 2026 पूर्वी सहा वर्षांची होते, म्हणजे 2026-27 च्या पहिलीसाठी ती पात्र आहे. पत्रकातल्या चार शब्दांमुळे तिचे नाव पटावर यायचे राहून जाते आणि शाळेला ते कधी कळतही नाही, कारण तिचे आईवडील शाळेपर्यंत आलेलेच नसतात.

म्हणून वयाचा हिशेब पालकांवर सोडू नये, शाळेने करून द्यावा. ‘31 डिसेंबर 2020 रोजी किंवा त्याआधी जन्मलेली मुले’ असे लिहिले की जन्मदाखला हातात धरून कोणालाही उत्तर मिळते. तारीख छापण्याआधी त्या वर्षीचे शासनाचे परिपत्रक एकदा पाहून घ्यावे. ही तारीख पूर्वीही बदललेली आहे. गेल्या वर्षीच्या पत्रकात फक्त साल बदलून ते छापायला दिले की इथेच चूक राहते.

आता ‘मुलाखत’. हा शब्द पत्रकात सवयीने येतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार शाळेला प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला 25 हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतरच्या प्रत्येक उल्लंघनाला 50 हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अनेक शाळांत ही मुलाखत म्हणजे नुसती ओळख असते, कोणाला नाकारायचा हेतूही नसतो. पण पत्रक वाचणाऱ्या पालकाला ते कसे कळणार? स्वतः फारसे न शिकलेले वडील ‘मुलाखत’ वाचून बिचकतात आणि मुलाला महिनाभर रंगांची नावे घोकायला लावतात. ‘प्रवेशासाठी कोणतीही परीक्षा किंवा मुलाखत नाही’ हे एक वाक्य त्यांना जेवढा धीर देते, तेवढा ‘संस्कारक्षम वातावरण’ देत नाही.

‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ हेही याच घरातले. कायद्यात चाळणीची व्याख्याच अशी आहे: यादृच्छिक पद्धतीखेरीज इतर कोणत्याही रीतीने एका मुलाला दुसऱ्यापेक्षा अधिक पसंती देणे. पहाटे रांगेत उभे राहू शकणाऱ्याचे मूल आत आणि रोजंदारीवर गेलेल्याचे बाहेर, हे त्याच व्याख्येत बसते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी आणि ती कधी, कुठे निघणार ते पत्रकातच सांगावे. ‘मर्यादित जागा’ म्हणण्याऐवजी जागांचा आकडा द्यावा. साठ जागा असतील, तर ‘जागा 60’ एवढे पुरते. त्यात घाबरवणेही नाही आणि मिरवणेही नाही.

‘सर्व कागदपत्रे’ म्हणजे कोणती, हे न सांगितल्याने पालकांचे हेलपाटे होतात. पहिलीसाठी जन्मतारखेचा पुरावा हा मुख्य कागद. तो नसला तरी कायद्याचे कलम 14 स्पष्ट आहे: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखला नसेल तर रुग्णालयाची किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतली नोंद, अंगणवाडीतली नोंद, तेही नसेल तर पालकांचे लेखी प्रतिज्ञापन चालते. ज्यांच्या हाती कागद नाहीत, ते पत्रकातली कागदांची यादी पाहूनच परत फिरतात. म्हणून ही गोष्ट यादीच्या शेजारीच लिहावी, खाली बारीक अक्षरांत नाही.

तारखांच्या बाबतीत शाळा ‘लवकरच’ आणि ‘त्वरा करा’ या दोन शब्दांवर भागवतात. पालकाला हवे असतात चार दिवस: अर्ज कधीपासून, कधीपर्यंत, निर्णय कधी कळेल आणि प्रवेश पक्का करायला किती मुदत. प्रत्येक तारखेपुढे वार लिहावा. छपाईतली चूक वारामुळे लगेच पकडली जाते. मधल्या सुट्ट्याही सांगाव्यात. 2026 मध्ये 14 एप्रिल मंगळवारी येतो. आंबेडकर जयंतीची सुट्टी लक्षात न येता कोणी वाडीवरून एसटीने आले आणि शाळेला कुलूप दिसले, तर त्या माणसाचा दिवस आणि मजुरी दोन्ही गेले. बीड-अहिल्यानगरच्या पट्ट्यात आणखी एक हिशेब करावा लागतो. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कारखान्याचा हंगाम आटोपल्यावरच परततात. मुदत मार्चअखेर संपवली तर त्यांची मुले वगळल्यासारखी होतात. मुदतीनंतर आलेल्या मुलालाही कायद्याने प्रवेश नाकारता येत नाही, त्यामुळे ‘यानंतर कोणताही अर्ज स्वीकारला जाणार नाही’ ही दटावणी मुळातच चुकीची आहे.

संपर्काच्या ओळीत ‘शाळेचे कार्यालय’ लिहिले की पालक फोन लावतो, घंटा वाजत राहते. फोन कोणाचा, कोणत्या वेळेत उचलला जातो आणि भेटायला आल्यावर कोणाला विचारायचे, हे लिहावे लागते. व्हॉट्सॲपवर पत्रकाचे चित्र पाठवले तर चित्रातल्या क्रमांकावर बोट दाबून फोन लागत नाही, आणि चार वेळा पुढे ढकलल्यावर अक्षरेही धूसर होतात. चित्राबरोबर तोच मजकूर टाइप करून पाठवला की ही अडचण उरत नाही.

राहिला बढाईचा प्रश्न. शाळेला स्वतःबद्दल काही चांगले सांगायचे असते, आणि ते सांगूही नये असे कोणी म्हणणार नाही. मात्र पडताळून पाहता येईल तेच सांगावे. ‘समृद्ध ग्रंथालय’ हे प्रत्येक शाळा म्हणते; ‘दर शुक्रवारी प्रत्येक मूल एक पुस्तक घरी नेते’ हे ती पद्धत खरोखर असलेली शाळाच म्हणू शकते. ‘तज्ज्ञ शिक्षकवृंद’ याऐवजी ‘दोन तुकड्या, प्रत्येकी 30 मुले, प्रत्येक तुकडीला एक वर्गशिक्षक’ असे लिहिले तर पालकाला आपल्या मुलाचा वर्ग दिसतो. शंभर टक्के निकालाला पहिलीच्या पत्रकात जागाच नाही. तो दहावीचा असतो, आणि किती मुले परीक्षेला बसली हे न सांगता दिलेल्या टक्केवारीतून काहीच कळत नाही.

‘मोफत पाठ्यपुस्तके’ आणि पोषण आहार यांबाबत थोडे अधिक सावध राहावे. अनुदानित शाळेत पहिली ते आठवीच्या मुलांना या गोष्टी शासनाच्या योजनेतून मिळतात. शाळेने त्या आपल्या औदार्यासारख्या मांडू नयेत. जे मोफत नाही, तेही त्याच ओळीत यावे. गाडीचे पैसे जूनमध्ये अचानक समोर आले की पालकांचा विश्वास पहिल्याच महिन्यात डळमळतो.

एवढे सगळे केल्यावर पत्रक असे होईल:

‘इयत्ता पहिली प्रवेश, 2026-27. मराठी माध्यम, अनुदानित शाळा. जागा 60.

कोणाला प्रवेश: 31 डिसेंबर 2020 रोजी किंवा त्याआधी जन्मलेली मुले व मुली. परीक्षा किंवा मुलाखत नाही. मूल मोठे आहे पण शाळेत गेलेले नाही, तरीही भेटा. त्याला वयानुसार योग्य वर्गात प्रवेश मिळेल.

अर्ज: सोमवार 6 एप्रिल ते शनिवार 18 एप्रिल, सकाळी 10 ते दुपारी 1. रविवार 12 आणि मंगळवार 14 एप्रिल रोजी शाळा बंद. अर्ज शाळेतच मिळेल, त्याला पैसे पडत नाहीत.

सोबत आणा: जन्मदाखल्याची प्रत. दाखला नसेल तरी या. अंगणवाडीची किंवा दवाखान्याची नोंद अथवा पालकांचे लेखी प्रतिज्ञापन चालेल.

अर्ज 60 पेक्षा जास्त आल्यास: बुधवार 22 एप्रिल, सकाळी 11 वाजता शाळेच्या सभागृहात सर्वांसमोर सोडत. यादी त्याच दिवशी फलकावर. प्रवेश गुरुवार 30 एप्रिलपर्यंत पक्का करावा. जागा शिल्लक असल्यास नंतरही प्रवेश सुरू राहील.

खर्च: शिकवणी शुल्क नाही. पाठ्यपुस्तके आणि दुपारचा आहार शासनाच्या योजनेनुसार. शाळेची गाडी हवी असल्यास तिचे पैसे वेगळे. दर फलकावर लावले आहेत.

विचारणा: प्रवेशाचे काम पाहणारे लिपिक, खोली क्रमांक 2. फोन सकाळी 10 ते 1 या वेळेत.’

विनाअनुदानित शाळेच्या पत्रकात आणखी एक ओळ लागते. तिथल्या 25 टक्के राखीव जागांचे अर्ज शाळेत घेतले जात नाहीत, ते शासनाच्या संकेतस्थळावर वेगळ्या वेळापत्रकाने भरले जातात. ही ओळ नसेल तर पात्र पालक शाळेच्या खिडकीवर चौकशी करत राहतात आणि ऑनलाइन मुदत निघून जाते.

मजकूर छापायला देण्यापूर्वी त्याची परीक्षा घेता येते. शाळेशी संबंध नसलेल्या दोघा-तिघांना तो वाचायला द्यावा: शिपाईमामांच्या शेजारीण, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार. मग पत्रक बाजूला ठेवून विचारावे, ‘12 नोव्हेंबर 2020 चा जन्म असलेल्या मुलीला प्रवेश मिळेल का? कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाकडे जायचे? सोबत काय न्यायचे?’ कोणी अडखळले, तर ज्या ओळीपाशी अडखळले ती ओळ पुन्हा लिहावी. प्रवेशाच्या दिवसांत कार्यालयातल्या फोनशेजारी एक वही ठेवावी आणि आलेला प्रत्येक प्रश्न तीत टिपावा. एकच प्रश्न वारंवार आला, तर त्याचे उत्तर पत्रकात नाही किंवा चुकीच्या जागी आहे असे समजावे आणि पुढच्या मार्चचे पत्रक लिहायला बसताना ती वही उघडावी.