व्याजदर कमी झाला, तरी सोनं का पडलं? मध्यवर्ती बँकेची भाषा अशी वाचा

'अमेरिकेच्या फेडने व्याजदर कमी केला, आता सोनं वर जाणार, आजच घ्या.' असे मेसेज आपल्या प्रत्येक ग्रुपवर येतात. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांमध्ये काम करताना दिसतं की हे मेसेज वाचून कुणी लग्नाचं सोनं घाईने घेतो, तर कुणी मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून सोन्याचा सौदा करतो. मेसेजमधली बातमी खरी असते, पण ती अर्धीच असते. मध्यवर्ती बँक दराबद्दल निर्णय घेते आणि त्यासोबत एक निवेदनही काढते. सोन्याचा भाव पुष्कळदा निर्णयापेक्षा निवेदनातल्या शब्दांवर जास्त हलतो.

हॉकिश आणि डोव्हिश म्हणजे काय?

हॉक म्हणजे ससाणा आणि डोव्ह म्हणजे कबुतर. महागाईची चिंता पुढे ठेवून दर चढे राहतील असं सुचवणारी भाषा हॉकिश, म्हणजे कडक. रोजगार आणि वाढीची काळजी पुढे ठेवून दर उतरतील असं सुचवणारी भाषा डोव्हिश, म्हणजे मवाळ.

सोन्याशी याचा संबंध सरळ आहे. सोनं व्याज देत नाही. अमेरिकेचे सरकारी रोखे जास्त व्याज देणार असतील, तर मोठे गुंतवणूकदार सोन्यातून पैसा काढून तिकडे वळवतात. डॉलर वधारतो आणि डॉलरमध्ये मोजलं जाणारं सोनं पडतं. म्हणून कडक भाषेनंतर काही तास किंवा काही दिवस सोनं साधारणपणे उतरतं आणि मवाळ भाषेनंतर चढतं. यात एक गोष्ट विसरू नये. दर कमी होणार हे सगळ्यांना आधीच माहीत असेल, तर ते भावात आधीच आलेलं असतं. भाव हलतो तो अनपेक्षित भागामुळे.

18 डिसेंबर 2024 ची रात्र

त्या दिवशी फेडने व्याजदर पाव टक्क्याने कमी करून 4.25 ते 4.50 टक्क्यांवर आणला. व्हॉट्सअ‍ॅपच्या हिशोबाने सोनं चढायला हवं होतं. प्रत्यक्षात ते सुमारे दोन टक्के घसरून औंसाला 2,600 डॉलरच्या खाली गेलं. असं का झालं?

पाव टक्क्याची कपात बाजाराने आधीच धरली होती. नवीन होतं ते बाकीचं. नोव्हेंबरच्या निवेदनात 'पुढील बदलांचा विचार करताना' अशी शब्दरचना होती. डिसेंबरमध्ये ती बदलून 'पुढील बदल किती आणि केव्हा करायचे याचा विचार करताना' अशी झाली. 'किती आणि केव्हा' एवढीच भर. पण सरकारी भाषेत त्याचा अर्थ होता, 'आता आम्ही थांबू शकतो.'

दुसरी खूण मतदानात होती. क्लीव्हलँड फेडच्या अध्यक्ष बेथ हॅमॅक यांनी कपातीच्या विरोधात मत दिलं. तिसरी खूण अंदाजांच्या तक्त्यात होती. सप्टेंबरच्या तक्त्यानुसार 2025 मध्ये पाव-पाव टक्क्याच्या चार कपाती अपेक्षित होत्या. डिसेंबरच्या तक्त्यात दोनच उरल्या. निर्णय मवाळ आणि भाषा कडक, असा हा प्रकार. बाजारात त्याला 'हॉकिश कट' म्हणतात.

अंधेरीच्या बाजाराला कुलूप असतं तेव्हा

आपल्याकडचा सोन्याचा वायदे बाजार, म्हणजे एमसीएक्स, याचं मुख्यालय अंधेरी पूर्वेला आहे. हिवाळ्यात तो रात्री 11:55 ला बंद होतो. फेडचं निवेदन त्या काळात आपल्या घड्याळानुसार रात्री 12:30 ला येतं आणि अध्यक्षांची पत्रकार परिषद 1 वाजता सुरू होते. उन्हाळ्यात निवेदन 11:30 ला येतं, तेव्हा आपला बाजारही 11:30 लाच बंद होतो. म्हणजे दोन्ही ऋतूंत बातमी येते तेव्हा आपल्या बाजाराला कुलूप असतं.

एक उदाहरण घेऊ. 'गोल्ड मिनी' या सौद्याचा एक लॉट 100 ग्रॅमचा असतो. भाव दहा ग्रॅमला 76,000 रुपये धरला, तर सौदा 7 लाख 60 हजारांचा झाला. खात्यात मात्र त्याचा छोटासा हिस्सा मार्जिन म्हणून ठेवावा लागतो, म्हणून तो आवाक्यातला वाटतो. समजा एखाद्या तरुणाने 'कपात होणार' म्हणून रात्री खरेदी केली आणि सकाळी 9 ला बाजार दीड टक्का खाली उघडला. दहा ग्रॅममागे 1,140 रुपये, म्हणजे एका लॉटवर 11,400 रुपये गेले. त्याने स्टॉप लॉस लावला असला तरी उपयोग नाही. भाव मधले आकडे ओलांडून थेट खाली उघडतो आणि सौदा त्या खालच्या भावाला तुटतो.

रिझर्व्ह बँकेचे शब्द

आपल्या रिझर्व्ह बँकेचं निवेदनही असंच वाचता येतं. 6 जून 2025 ला रेपो दर अर्ध्या टक्क्याने कमी होऊन 5.50 टक्क्यांवर आला. ही मोठी कपात होती. पण त्याच निवेदनात धोरणाचा पवित्रा 'अकोमोडेटिव्ह', म्हणजे उदार, होता तो बदलून 'न्यूट्रल', म्हणजे तटस्थ, केला गेला. एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने 'आता फार अपेक्षा ठेवू नका' असं सांगितलं.

सोन्यावर मात्र याचा परिणाम फेडइतका होत नाही, कारण सोन्याचा भाव जगाच्या बाजारात डॉलरमध्ये ठरतो. मुंबईतला भाव त्या डॉलरच्या भावाला रुपयाच्या दराने गुणून, वर आयात शुल्क आणि जीएसटी लावून तयार होतो. 19 डिसेंबर 2024 ला रुपया पहिल्यांदाच डॉलरला 85 च्या पलीकडे गेला. त्यामुळे जगात सोनं जेवढं पडलं, तेवढं ते आपल्याकडे पडू शकलं नाही. बाबासाहेबांनी 1923 मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिला तो रुपया आणि सोनं यांच्या याच नात्यावर.

वाचायचं कसं?

मागचं निवेदन आणि नवीन निवेदन शेजारी ठेवा. बहुतेक वाक्यं तीच असतात. जे शब्द बदलले, फक्त त्यांच्याखाली रेघ मारा. मग मतं कशी पडली ते पाहा. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये फेडचा अंदाजांचा तक्ताही येतो. तो मागच्या तक्त्याशी ताडून पाहा. शेवटी पत्रकार परिषद ऐका, कारण निवेदनाने दिलेली दिशा अर्ध्या तासात उलटू शकते. आपलं वाचन बरोबर आहे का, हे अमेरिकेच्या दोन वर्षांच्या रोख्यांच्या व्याजावरून कळतं. भाषा खरंच कडक असेल, तर ते व्याज त्याच वेळी वर जातं.

मर्यादा

हा परिणाम अल्पकाळाचा असतो. डिसेंबरमध्ये पडलेलं सोनं जानेवारी 2025 अखेरीस नव्या उच्चांकावर होतं. युद्ध, मध्यवर्ती बँकांची स्वतःची सोनेखरेदी, सरकारचा कर अशी कारणं शब्दांवर मात करतात. 23 जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क 15 वरून 6 टक्के झालं, तेव्हा आपल्याकडचा भाव फेडने काहीही न बोलता कोसळला.

म्हणून लग्नासाठी दोन तोळे घ्यायचे असतील, तर फेडच्या रात्रीची वाट पाहत बसू नका. दोन टक्क्यांच्या फरकापेक्षा दागिन्याची मजुरी बहुतेक वेळा जास्त असते, आणि ती सराफाशी बोलून कमी करता येते. आणि कर्ज काढून वायद्यात उतरायचा विचार असेल, तर आधी एवढं लक्षात घ्या की निवेदन येईल तेव्हा तुमचा सौदा कुलूपबंद असेल.