भाव लागला, पण शेअर मिळाले किती?

राष्ट्रीय शेअर बाजाराच्या यंत्रणेत ऑर्डर जुळवताना आधी भाव पाहिला जातो आणि भाव सारखा असेल तर वेळ. ज्याने आधी ऑर्डर टाकली, त्याला आधी शेअर मिळतात. संगणकावर जुन्या भावांवरून एखादी पद्धत तपासताना, म्हणजेच बॅकटेस्ट करताना, नेमकी ही रांग विसरली जाते.

समजा, फारशी उलाढाल नसलेल्या कंपनीचे १,००० शेअर घ्यायचे आहेत. विक्रीला २०० रुपयांना ३००, २००.२० ला ४०० आणि २००.५० ला ३०० शेअर आहेत. मार्केट ऑर्डर हे सगळे उचलते. खरेदी पूर्ण होते, पण सरासरी भाव २००.२३ पडतो. बॅकटेस्टने सगळी खरेदी २०० ला धरली, तर २३० रुपयांचा खर्च हिशेबातून सुटला.

हा खर्च टाळण्यासाठी १९९.८० ची लिमिट ऑर्डर टाकली, तर त्याच भावाला २,५०० शेअरचे खरेदीदार आधीच रांगेत आहेत. भाव १९९.८० ला टेकतो, तिथे ३,१०० शेअरचे सौदे होतात आणि भाव उसळून २०३ ला जातो. पुढच्यांनी ऑर्डर रद्द केल्या नसतील, तर आपल्या वाट्याला आले ६०० शेअर. दिवसाचा नीचांक १९९.८० दिसला म्हणून बॅकटेस्ट मात्र हजारच्या हजार शेअर मिळाले असे धरते आणि १,९२० ऐवजी ३,२०० रुपये नफा मांडते.

खरा घात पुढे आहे. भाव १९९.८० वर न थांबता १९५ पर्यंत कोसळला, तर सगळे १,००० शेअर मिळतात आणि ४,८०० रुपयांचा तोटाही पूर्ण होतो. लिमिट ऑर्डर चुकलेल्या अंदाजाला पूर्ण भरते, बरोबर अंदाजाला बहुधा अर्धवट. हा कल न धरलेली बॅकटेस्ट बेभरवशाचीच मानायला हवी.

रांगेची माहिती रोजच्या भावांच्या नोंदीत नसते. म्हणून दोन कडक नियम लावता येतात. भाव लिमिटच्या खाली, निदान १९९.७९ ला गेला तरच ऑर्डर भरली असे मानायचे. शिवाय त्या मिनिटाच्या उलाढालीचा ठरावीक हिस्साच आपल्याला मिळाला असे धरायचे; झिपलाइन या प्रणालीत शेअरसाठी अशी मर्यादा मुळातच ठेवलेली आहे. या नियमांनी काही खऱ्या खरेद्याही गळतात. पण एवढ्यानेच नफा नाहीसा झाला, तर तो भावाच्या चालीतून नव्हे, फुकट मिळालेल्या शेअरांतून आला होता.

उरलेल्या ४०० शेअरांचे काय करायचे, हेही प्रोग्रॅममध्ये लिहावे लागते: थांबायचे, रद्द करायचे की मार्केट ऑर्डरने घ्यायचे. स्टॉपलॉसही मिळालेल्या ६०० शेअरांचाच लावायचा. तो १,००० चा राहिला आणि लागला, तर हाती नसलेले ४०० शेअर विकले जातात.