डिजिटलची बाराखडी, भाग ९ : खालून वर चढणारा निकाल

मागच्या आठवड्यात आपण चार बिटांच्या कंपॅरेटरचं पोट उघडून पाहिलं. अ आणि ब असे दोन आकडे द्यायचे, आणि ‘अ मोठा’, ‘दोन्ही सारखे’, ‘अ लहान’ या तीन तारांपैकी एकच हाय होते, इथवर आलो होतो. ७४८५ ही जुनी, अजूनही प्रयोगशाळेत हमखास सापडणारी आयसी हेच काम करते. पण चार बिटांत पंधरापलीकडचा आकडा मावत नाही. सोळा बिटांचे दोन आकडे ताडून पाहायचे तर अशा चार आयसी लागतात. त्या एकमेकींना जोडायच्या कशा आणि त्या जोडणीत काय बिघडतं, ते या भागात पाहू.

७४८५ ला सोळा पिना आहेत. आठ पिना दोन आकड्यांच्या, तीन निकालाच्या, दोन वीजपुरवठ्याच्या. उरतात तीन. त्यांच्यावरही निकालासारखीच नावं आहेत, अ>ब, अ=ब आणि अ<ब, पण ती इनपुटं आहेत. त्यांना कॅस्केडिंग इनपुट म्हणतात. आयसीच्या स्वतःच्या चार बिटांत फरक सापडला तर ती या तिघांकडे ढुंकूनही पाहत नाही. चारही बिट सारखे निघाले तरच ‘खालच्यांचं काय म्हणणं आहे’ म्हणून तिकडे पाहते आणि तेच म्हणणं पुढे पाठवते.

आपण कागदावर आकडे ताडतो तेव्हा डावीकडून सुरुवात करतो आणि पहिला फरक दिसला की थांबतो. ही जोडणी मात्र उलट दिशेनं जाते. सर्वांत खालच्या चार बिटांची आयसी आपला निकाल वरच्या आयसीला देते, ती तिच्या वरच्या आयसीला. शेवटचा शब्द सर्वांत वरच्या आयसीचा. उत्तर तेच येतं, कारण वरचीला हवं तेव्हा खालचीचं म्हणणं रद्द करता येतं.

एक उदाहरण घेऊ. मुद्दाम अवघड जागेचं.

```
अ = ४०००० = १००१ ११०० ०१०० ००००
ब = ३९९९९ = १००१ ११०० ००११ ११११
```

सर्वांत खालची, म्हणजे पहिली आयसी पाहते ०००० आणि ११११. तिच्या मते अ लहान, आणि ती तसं ठणकावून सांगते. दुसरीला दिसतात ०१०० आणि ००११, म्हणजे चार आणि तीन. तिच्याकडे स्वतःचा फरक आहे, त्यामुळे खालून आलेलं ‘अ लहान’ तिथंच मरतं आणि ‘अ मोठा’ वर जातं. तिसरीकडे दोन्ही बाजूंना ११००, चौथीकडे दोन्ही बाजूंना १००१. दोघी आलेला निकाल तसाच पुढे ढकलतात. चौथीच्या आउटपुटवर ‘अ मोठा’ उमटतं.

आता ब्रेडबोर्डवर येऊ. कॅस्केडिंग इनपुटं पिन २, ३, ४ वर आहेत आणि त्यांचा क्रम आहे अ<ब, अ=ब, अ>ब. आउटपुटं पिन ५, ६, ७ वर, पण त्यांचा क्रम उलटा : अ>ब, अ=ब, अ<ब. म्हणजे खालच्या आयसीची ५ वरचीच्या ४ ला, ६ ही ३ ला आणि ७ ही २ ला अशी जोडणी हवी. हाताला मात्र ५ ते २, ६ ते ३, ७ ते ४ अशा समांतर तारा ओढायची फार ओढ असते. त्या दिसतातही नीटनेटक्या, आणि ‘मोठा’ व ‘लहान’ यांची अदलाबदल होऊन बसते.

हा दोष धूर्त आहे. वरच्या चार बिटांत फरक असेल तेव्हा सगळं बरोबर चालतं, दोन्ही आकडे सारखे असले तरी बरोबर चालतं. तिन्ही जोडांत तारा अशा समांतर ओढल्या असतील तर पाहा काय होतं. ब शून्य ठेवा आणि अ ला १ द्या. पहिली आयसी ‘मोठा’ म्हणते, वाटेत तीन वेळा अदलाबदल होते, शेवटी ‘लहान’ दिसतं. अ ला १६ द्या : दोन वेळा अदलाबदल, उत्तर बरोबर! २५६ द्या : एकदाच, पुन्हा चूक. ४०९६ द्या : बरोबर. म्हणून १, १६, २५६, ४०९६ हे चार आकडे शून्याशी ताडून पाहणं ही या जोडणीची खरी चाचणी. एखादाच जोड उलटा असेल तर त्याच्या खालच्या सगळ्या आयसींची उत्तरं चुकतील आणि वरच्यांची बरोबर येतील. चूक कुठून सुरू होते ते पाहिलं की तार सापडते.

डेटाच्या पिनांवरही एक खड्डा आहे. पिन ९ पासून ब०, अ०, ब१, अ१ अशी छान आळीपाळी चालते आणि मग १३ वर अ२, १४ वर ब२ येतो. ओळीनं तारा टोचत जाणारा तिथं हटकून फसतो.

सर्वांत खालच्या आयसीच्या खाली कुणीच नाही. तिच्या कॅस्केडिंग इनपुटांना काय द्यायचं? ‘आतापर्यंत सारखे’ असं तिला सांगायचं : अ=ब ला पाच व्होल्ट, उरलेल्या दोघांना ग्राउंड. ‘खालून काही येत नाही ना, मग तिन्ही ग्राउंड करू’ हा विचार साहजिक वाटतो, पण तो महागात पडतो. डेटाशीटच्या तक्त्यात त्या स्थितीसाठी एक विचित्र ओळ आहे. चार बिट सारखे आणि तिन्ही कॅस्केडिंग इनपुट लो असतील तर अ>ब आणि अ<ब ही दोन्ही आउटपुटं हाय होतात. त्याच्या जोडीला दुसरी विचित्र ओळ : ‘मोठा’ आणि ‘लहान’ दोन्ही इनपुटं हाय व ‘सारखे’ लो असेल तर तिन्ही आउटपुटं लो. आता चार आयसींची उतरंड डोळ्यांपुढे आणा. दोन्ही आकडे सारखे दिले तर पहिली दोन्ही तारा हाय करते, दुसरी सगळ्या लो, तिसरी पुन्हा दोन्ही हाय, चौथी सगळ्या लो. शेवटचे तिन्ही एलईडी विझलेले. फरक असलेले आकडे मात्र अचूक ताडले जातात. सारख्या आकड्यांवर तिन्ही दिवे बंद दिसले तर आधी पहिल्या आयसीची पिन ३ पाहावी.

एलएस जातीच्या आयसीत या पिना मोकळ्या सोडल्या तरी काम चालून जातं, कारण तिथं मोकळी पिन साधारणपणे हाय धरली जाते, आणि ‘सारखे’ हाय असलं की बाकीच्या दोघांना या तक्त्यात किंमत नाही. त्याच ब्रेडबोर्डवर एचसी जातीची आयसी बसवली की मोकळ्या पिनेचा भरवसा संपतो. बोट जवळ नेलं तरी दिवे बदलतात.

त्या दोन विचित्र ओळी वाया गेलेल्या स्थिती आहेत, असं बरीच पुस्तकं गृहीत धरून पुढे जातात. मला तो अन्याय वाटतो. या आयसीची खरी गंमत तिथंच आहे. अ=ब इनपुट कायमचं ग्राउंड करा, आणि अ>ब च्या जागी अ चा आणखी एक बिट व अ<ब च्या जागी ब चा एक बिट द्या. बिट १ आणि ० असतील तर ते ‘खालून अ मोठा आला’ असंच वाचलं जातं. दोन्ही १ असतील तर आउटपुटची जोडी ०,० आणि दोन्ही ० असतील तर १,१. दोन्ही वेळा जोडीतले बिट सारखेच! म्हणजे चार बिटांची आयसी पाच बिट ताडू लागली, आणि तिची ‘मोठा-लहान’ ही जोडी पुढच्या आयसीला अ आणि ब चा एकेक बिट म्हणून देता येते.

आता सोळा बिट असे वाटू : पाच, पाच, पाच आणि एक. तीन आयसी पाच-पाच बिट ताडतात. चौथीला या तिघींच्या तीन जोड्या आणि शेवटचा बिट थेट मिळतो. चौथीचं अ=ब इनपुट मात्र हाय. वरचेच आकडे घेऊ :

```
अ = १००११ १०००१ ००००० ०
ब = १००११ १०००० १११११ १
```

पहिल्या गटात सगळे सारखे आणि पाचवा बिट दोन्हीकडे १, म्हणून जोडी ०,०. दुसऱ्यात अ मोठा : १,०. तिसऱ्यात अ लहान : ०,१. शेवटचा बिट ०,१. चौथ्या आयसीला अ च्या बाजूनं ०१०० आणि ब च्या बाजूनं ००११ दिसतं. ती म्हणते अ मोठा.

आयसी चारच लागल्या, पण वाट चारऐवजी दोन टप्प्यांची झाली. म्हणून वेळ निम्मा झाला असं मात्र नाही. ७४एलएस८५ मध्ये डेटापासून आउटपुटपर्यंत सुमारे २४ नॅनोसेकंद जातात, तर कॅस्केडिंग इनपुटपासून आउटपुटपर्यंत सुमारे १४. उतरंडीत २४ अधिक तीन वेळा १४, म्हणजे ६६ नॅनोसेकंद. दोन टप्प्यांत २४ अधिक २४, म्हणजे ४८. हे नेहमीचे आकडे आहेत. प्रत्यक्ष रचना करताना डेटाशीटमधले कमाल आकडे धरावेत, ते बरेच मोठे असतात. सोळा बिटांसाठी मी स्वतः साधी उतरंडच लावेन. तिच्यात बिघाड शोधणं सोपं जातं, आणि अठरा नॅनोसेकंदांनी अडेल असं काम ७४एलएस८५ वर सहसा कुणी टाकत नाही.

ऋण आकडे असतील, टूज कॉम्प्लिमेंट पद्धतीचे, तर सर्वांत वरच्या बिटापुरती अ आणि ब ची तार आपापसांत बदलायची. बाकी काही हलवावं लागत नाही.

वेळेचा मुद्दा वेगापुरताच नाही. समजा अ कायमचा ४०००० ठेवला आहे आणि ब हा वर मोजणारा काउंटर आहे. काउंटर ४०००० च्या पुढे गेला की अ<ब हाय व्हावं आणि त्यानं एक लॅच पकडून भोंगा वाजवावा, अशी योजना. काउंटर ३९९९९ वरून ४०००० वर आला की खालचे सात बिट एकदम बदलतात. दुसऱ्या आयसीला कळतं की आता आपले चार बिट सारखे झाले, म्हणून ती खालचीकडे पाहते. पण पहिलीचा नवा निकाल अजून दुसरीतून पार व्हायचा असतो, तिच्याकडून आलेलं जुनं ‘अ लहान’च तिथं लागू असतं. दुसरी ते पुढे पाठवते. साधारण एका कॅस्केडिंग टप्प्याएवढा वेळ अ<ब वर एक खोटी सुई उमटते आणि मग ‘सारखे’ येतं. आधी ‘अ मोठा’ होतं, नंतर ‘सारखे’ आहे. ‘अ लहान’ खरं म्हणजे कधीच नव्हतं. एलईडीवर हे दिसत नाही, डोळ्याला तेवढा वेळ पुरत नाही. लॅचला पुरतो. भोंगा ४०००१ ऐवजी ४०००० लाच वाजतो, आणि माणूस काउंटरमध्ये चूक शोधत बसतो. ऑसिलोस्कोप अ<ब वर लावून काउंटरच्या क्लॉकवर ट्रिगर केला की सुई पकडता येते.

दोन टप्प्यांच्या जोडणीत सुई बारीक होते, पण नाहीशी होईलच असं नाही. उपाय जुनाच : कंपॅरेटरचं आउटपुट थेट लॅचला द्यायचं नाही. ते ७४७४ मधल्या डी फ्लिप-फ्लॉपच्या डी पिनेवर द्यायचं आणि त्याला काउंटरचाच क्लॉक द्यायचा. मग निकाल पुढच्या कडेला, सगळं स्थिरावल्यावर उचलला जातो. भोंगा एक क्लॉक उशिरा वाजतो. तो एक क्लॉक नको असेल तर अ मध्ये ४०००० ऐवजी ३९९९९ ठेवायचा.