शुक्राणूंना खरी झळ कशाची?

वृषणे पोटाच्या आत न राहता बाहेर, अंडकोशाच्या पिशवीत असतात, ती तापमानासाठी. शरीराच्या आत साधारण ३७ अंश सेल्सिअस असते आणि शुक्राणू नीट तयार व्हायला त्याहून दोन ते चार अंश कमी लागतात. हा थंडावा राखण्याची व्यवस्था मोठी नामी आहे. वृषणाकडे गरम रक्त नेणाऱ्या धमनीला बारीक शिरांच्या जाळ्याने वेढलेले असते. त्या शिरांमधून परत येणारे रक्त थंड असते, त्यामुळे खाली जाणारे रक्त वाटेतच निवते. थंडीत अंडकोश आखडून वर सरकतो, उकाड्यात सैल होऊन खाली लोंबतो, आणि त्याच्या पातळ कातडीखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच.

उष्णतेबद्दलच्या सगळ्या समजुती इथूनच निघतात, आणि त्यांचा पाया खरा आहे. फक्त किती उष्णता आणि किती वेळ, हे सहसा कोणी विचारत नाही. दुसरा प्रश्न काळाचा. एक शुक्राणू मूळ पेशीपासून पूर्ण तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. त्यानंतर वृषणाला लागून असलेल्या गुंडाळलेल्या नळीतून पुढे सरकत तो पोहायला समर्थ होतो, त्यात आणखी एक-दोन आठवडे जातात. म्हणजे आज दिलेल्या वीर्याच्या नमुन्यात गेल्या जवळजवळ तीन महिन्यांचा हिशेब असतो.

ताप आला की हे स्पष्ट दिसते. समजा, एखाद्याला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डेंग्यू झाला आणि चार-पाच दिवस ताप ३९ अंशांच्या वर राहिला. महिनाभरात तो ठणठणीत होतो आणि सप्टेंबरच्या मध्यावर, मूल होत नाही म्हणून वीर्यतपासणी करतो. अहवालात संख्या कमी येते, हालचाल मंद येते. तापात अर्ध्यावर घडलेल्या पेशी आता शुक्राणू होऊन बाहेर पडत असतात, म्हणून आकडे घसरलेले असतात. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात असे आढळले की नमुन्याआधीच्या साधारण दीड-दोन महिन्यांत ताप येऊन गेला असेल तर शुक्राणूंचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते. हाच माणूस नोव्हेंबरच्या अखेरीस पुन्हा तपासणी करील तर, दुसरे काही कारण नसल्यास, आकडे सहसा मूळपदावर आलेले दिसतात. मधल्या काळात त्या एका अहवालावरून सुरू झालेली महागडी औषधे मात्र नाहक पोटात गेलेली असतात.

गरम पाण्याचा परिणामही खरा आहे. मार्था फोगेली या स्विस डॉक्टर बाईंनी भारतात काम करताना याच परिणामाचा संततिनियमनासाठी उपयोग होईल का, हे पाहिले होते. त्यांच्या पद्धतीत पुरुषाने सुमारे ४६ अंशांच्या पाण्यात रोज पाऊण तास, सलग तीन आठवडे बसायचे होते. एवढे केल्यावर काही महिने वंध्यत्व राहते, अशी त्यांची नोंद आहे. इटलीतल्या एका लहानशा अभ्यासात दहा पुरुषांनी तीन महिने आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी पंधरा मिनिटे सौना घेतला. त्यांची शुक्राणूसंख्या घटली आणि सौना थांबवल्यावर सहा महिन्यांत पूर्ववत झाली. बादलीतले कढत पाणी तांब्याने अंगावर घेणे ही वेगळी गोष्ट. ते पाणी क्षणात ओघळून जाते आणि कातडी लगेच निवते. त्रास होतो तो टबात किंवा गरम कुंडात बराच वेळ कमरेपर्यंत बुडून राहण्याचा, तोही वरचेवर केला तर.

लॅपटॉपच्या बाबतीत अमेरिकेत २००५ मध्ये झालेला प्रयोग बोलका आहे. २९ निरोगी तरुणांना तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवले, तेव्हा अंडकोशाचे तापमान सुमारे पावणेतीन अंशांनी वाढले. पण मांड्या तशाच जुळवून, लॅपटॉपशिवाय नुसते बसवले तरी ते दोन अंशांहून अधिक वाढले. म्हणजे बहुतांश काम बैठकीनेच केले होते, यंत्राची भर त्यामानाने थोडी. या प्रयोगात तापमान मोजले गेले, शुक्राणू मोजले गेले नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवे. लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि मधूनमधून उठले की हा मुद्दा जवळपास निकालात निघतो.

खिशातल्या फोनविषयीची भीती उष्णतेची नसून लहरींची आहे. स्वित्झर्लंडमध्ये १८ ते २२ वर्षांच्या २,८८६ तरुणांची पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसातून वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांमध्ये शुक्राणूंचे प्रमाण मिलिलिटरमागे सरासरी साडेचार कोटींच्या आसपास होते, तर आठवड्यातून जेमतेम एकदा वापरणाऱ्यांमध्ये साडेपाच कोटींहून थोडे जास्त. दोन्ही आकडे १.६ कोटी या संदर्भमर्यादेच्या बरेच वर आहेत. फोन पँटच्या खिशात ठेवण्याचा आणि शुक्राणूंचा संबंध मात्र या पाहणीत दिसला नाही. सतत फोन हातात असणाऱ्याची झोप, बैठक, हालचाल हेही सगळे वेगळे असू शकते, म्हणून केवळ अशा पाहणीवरून फोनला दोषी धरता येत नाही.

घट्ट अंडरवेअरबद्दल सर्वांत मोठा अभ्यास बोस्टनचा, २०१८ सालचा. त्यात सैल बॉक्सर वापरणाऱ्यांमध्ये शुक्राणूंचे प्रमाण एक चतुर्थांशाने जास्त आढळले. तरीही घट्ट वापरणाऱ्यांची सरासरीही सामान्य मर्यादेतच होती. ज्याची संख्या मुळातच काठावर आहे त्याने सैल अंडरवेअर घालून पाहायला काहीच हरकत नाही, पण निकाल पाहायला तीन महिने थांबावे लागेल.

या सगळ्यापेक्षा मोठी कारणे सहसा चर्चेतच येत नाहीत. व्हेरिकोसील म्हणजे अंडकोशातल्या शिरा फुगणे. हे साधारण सातांतल्या एका पुरुषात असते आणि वंध्यत्वासाठी येणाऱ्या पुरुषांत त्याहून बरेच जास्त. उभे राहिल्यावर बहुधा डाव्या बाजूला गाठोळ्या शिरा हाताला लागतात, आडवे झाल्यावर त्या ओसरतात. रक्त थंड करणारी व्यवस्थाच इथे बिघडलेली असते. निवडक रुग्णांत शस्त्रक्रियेने फायदा होतो.

दुसरे कारण जिममध्ये पसरलेले आहे आणि ते खरोखर काळजीचे आहे. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतली की मेंदूला वाटते, हार्मोन पुरेसे आहे. तो वृषणांना आदेश देणारे स्राव थांबवतो. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर असते, पण वृषणाच्या आत ते कोसळते आणि शुक्राणूनिर्मिती थांबते. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम घेणाऱ्या निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू शून्यावर आले होते. इंजेक्शने बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परततात, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. धूम्रपान करणाऱ्यांमध्येही संख्या आणि हालचाल सरासरीने कमी आढळते.

तपासणी करताना दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळावे लागते आणि नमुना तासाभराच्या आत प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. एकाच पुरुषाचे आकडे वेळोवेळी बरेच वरखाली होतात, त्यामुळे एका अहवालावर निदान करीत नाहीत. पहिला खराब आला तर काही आठवड्यांनी दुसरा घेतात. मध्ये ताप येऊन गेला असेल तर तीन महिने थांबून. गेल्या तीन महिन्यांतले आजार, औषधे आणि जिममधली इंजेक्शने डॉक्टरांना न लपवता सांगावीत.