तीनदा उलटले की रांग फिरते

अ‍ॅरे म्हणजे संगणकाच्या स्मृतीत एकाला एक लागून ठेवलेल्या घरांची रांग. प्रत्येक घराला क्रमांक असतो आणि तो शून्यापासून सुरू होतो. ही रांग उजवीकडे k घरे फिरवायची म्हणजे प्रत्येक घटक k घरे पुढे न्यायचा आणि शेवटच्या घरापलीकडे जे जातील त्यांना सुरुवातीच्या घरांत आणून बसवायचे. अट एकच, पण तीच कामाला अवघड करते. दुसरी रांग वापरायची नाही, सगळी हलवाहलव जागच्या जागी करायची.

सात घरांत सात वार ठेवलेले आहेत असे समजू: सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनि, रवि. ही रांग ३ घरे उजवीकडे फिरवली की सोमवार चौथ्या घरात येतो, आणि शुक्र, शनि, रवि हे तिघे पुढे येऊन बसतात. म्हणजे हवी असलेली रांग अशी: शुक्र, शनि, रवि, सोम, मंगळ, बुध, गुरू.

पहिल्यांदा सुचणारा मार्ग म्हणजे रांग एकेक घर सरकवत हेच तीनदा करणे. सात घटकांना हे चालून जाते. पण १ लाख घटकांची रांग ५०,००० घरे फिरवायची असेल, तर प्रत्येक फेरीत १ लाख घटक हलतील आणि अशा ५०,००० फेऱ्या होतील, म्हणजे ५०० कोटी हालचाली. दुसरा मार्ग म्हणजे तेवढीच मोठी कोरी रांग घेऊन प्रत्येक घटक थेट त्याच्या नव्या घरात लिहिणे. तो वेगवान आहे, पण जागा दुप्पट लागते आणि घातलेली अट मोडते.

तिसरा मार्ग हवा असेल तर रांगेकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. वारांच्या रांगेचे दोन तुकडे आहेत: सोम ते गुरू हा चौघांचा आणि शुक्र ते रवि हा तिघांचा. फिरवणे म्हणजे या दोन तुकड्यांची अदलाबदल, एवढेच. तुकड्यांच्या आतला क्रम बदलायचा नाही. आता सगळी रांग उलटी केली तर काय होते ते पाहू:

रवि, शनि, शुक्र, गुरू, बुध, मंगळ, सोम

मागचा तुकडा पुढे आला आणि पुढचा मागे गेला, म्हणजे अदलाबदल झालीच. बिघडले ते इतकेच, की दोन्ही तुकडे आतून उलटे झाले. तेव्हा पहिली ३ घरे पुन्हा उलटायची, तिथे शुक्र, शनि, रवि येतात. मग उरलेली ४ घरे उलटायची, तिथे सोम, मंगळ, बुध, गुरू येतात. काम पूर्ण झाले. प्रत्येक घटक दोनदा उलटला गेला, म्हणून तुकड्यातला त्याचा क्रम मूळचाच राहिला, आणि पहिल्या उलटण्यात तुकड्यांची जागा बदलली ती तशीच टिकली. पद्धत बरोबर का येते, याचे सगळे उत्तर या एका वाक्यात आहे.

उलटण्याची क्रिया स्वतः साधी आहे. पहिला आणि शेवटचा घटक एकमेकांशी बदलायचा, मग दुसरा आणि शेवटून दुसरा, असे मधोमध येईपर्यंत. सात घरे उलटायला ३ अदलाबदली लागतात, तीन घरांना १ आणि चार घरांना २. एकूण झाल्या ६. रांग कितीही मोठी असो, अदलाबदलींची संख्या घटकांच्या संख्येपेक्षा जास्त होत नाही. वरच्या १ लाखाच्या उदाहरणात ती ५०,००० अधिक २५,००० अधिक २५,०००, म्हणजे बरोबर १ लाख भरते. जास्तीची जागा लागते ती फक्त बदलताना एक घटक क्षणभर बाजूला ठेवण्यापुरती.

आता k रांगेच्या लांबीपेक्षा मोठा असेल तर? वारांचे उदाहरण इथे विशेष उपयोगी पडते, कारण आजपासून दहाव्या दिवशी कोणता वार येतो हे काढताना सात दिवस वगळून तीनच मोजायचे हे सर्वांना ठाऊक असते. सात घरांची रांग ७ घरे फिरवली की प्रत्येक घटक आपल्या मूळ घरी परततो. म्हणून १० घरे फिरवणे आणि ३ घरे फिरवणे यांत काही फरक नाही. k ला लांबीने भागून बाकी घ्यायची आणि तीच वापरायची. पायथॉनमध्ये सगळे असे लिहिता येते:

```python
def reverse(a, i, j):
    while i < j:
        a[i], a[j] = a[j], a[i]
        i += 1
        j -= 1

def rotate(a, k):
    n = len(a)
    if n == 0:
        return
    k %= n
    reverse(a, 0, n - 1)
    reverse(a, 0, k - 1)
    reverse(a, k, n - 1)
```

`k %= n` ही ओळ विसरली आणि k १० असला, तर दुसरे उलटणे क्रमांक ० आणि ९ च्या घरांची अदलाबदल करू पाहते. सात घरांच्या रांगेत शेवटचा क्रमांक ६ असतो. पायथॉन तिथेच `IndexError` देऊन थांबतो, त्यामुळे चूक लगेच कळते. सी भाषेत असा पहारा नसतो. कार्यक्रम शेजारच्या स्मृतीत हात घालू शकतो आणि तिथला मजकूर बिघडल्याचे पुष्कळ उशिरा उघडकीस येते. रिकाम्या रांगेची तपासणी बाकी काढण्याच्या आधी आहे, कारण शून्याने भागता येत नाही. बाकी ० आली तर दुसरे उलटणे काहीच करत नाही आणि तिसरे सगळी रांग पुन्हा उलटते. रांग होती तशी राहते, त्यामुळे त्यासाठी वेगळी अट लिहावी लागत नाही.

सर्वाधिक होणारी चूक मात्र दिशेची असते. रांग डावीकडे ३ घरे फिरवणे म्हणजे उजवीकडे ४ घरे फिरवणे, त्यामुळे सगळी रांग उलटून झाल्यावर तुकडा तिसऱ्या घरानंतर नव्हे तर चौथ्या घरानंतर पाडावा लागतो. ही चूक पकडायची तर चाचणीची रांग विचार करून निवडावी. सहा घटक आणि k ३ घेतला तर डावे-उजवे एकच उत्तर येते आणि चूक लपून राहते. सात घटक आणि ३ घेतले की ती लगेच दिसते.

ऋण k घेतला की भाषेगणिक वागणे बदलते. पायथॉनमध्ये `-3 % 7` ची किंमत ४ येते, म्हणजे ३ घरे डावीकडे, आणि वरचा कोड काही न बदलता बरोबर चालतो. सी आणि जावामध्ये तिचे उत्तर -३ येते. तिथे `((k % n) + n) % n` असे लिहावे लागते.

ही युक्ती बरीच जुनी आहे. जॉन बेंटली यांनी ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’मध्ये तिची हकीकत दिली आहे. केन थॉम्पसन यांनी १९७१ मध्ये एका मजकूर-संपादकात ओळींचा गट हलवण्यासाठी हीच पद्धत वापरली, आणि त्या वेळीही ती जाणकारांत तोंडोतोंडी चालत आलेली होती, असे त्यांचे म्हणणे होते. संपादकात ती चपखल बसते, कारण ओळींचा गट खाली नेणे म्हणजे शेजारशेजारच्या दोन तुकड्यांची अदलाबदलच.

एका ठिकाणी मात्र ही पद्धत वापरू नये. रांग फक्त फिरवलेल्या क्रमाने वाचायची असेल, तर एकही घटक हलवण्याची गरज नसते. वाचन कुठून सुरू करायचे तो क्रमांक `s` लक्षात ठेवायचा आणि `i` वा घटक `(s + i) % n` या घरातून उचलायचा. वारांच्या रांगेत `s` ४ धरला की वाचन शुक्रवारपासून सुरू होते, आणि सातही वार आपापल्या घरीच राहतात.