एका गाळ्यातली दोन दुकानं

तालुक्याच्या गावातलं एक दुकान. दारातच काचेचं शोकेस, त्यात वह्या, कंपासपेट्या, पेनं. आत फळ्यांवर तेल, डाळी, साखर, साबण. मालक मला म्हणाले, "काका, स्टेशनरी बंद करायचं म्हणतोय. दर महिन्याला पाच हजारांचा खड्डा पडतोय."

मी वही मागितली. त्यांनी दोन्ही विभागांची खरेदी, विक्री आणि शिल्लक माल वेगवेगळा लिहिला होता, ही मोठीच गोष्ट. बहुतेक ठिकाणी सगळा गल्ला एकच असतो आणि कोणत्या मालाने किती मिळवून दिलं, हे कुणालाच सांगता येत नाही. इथे एका साधारण महिन्याचं चित्र असं होतं (आकडे गोल केले आहेत): किराण्याची विक्री चार लाख, त्यावर ढोबळ नफा 40,000. स्टेशनरीची विक्री साठ हजार, ढोबळ नफा 15,000. गाळ्याचं भाडं 18,000 आणि दोन नोकरांचा पगार मिळून 22,000. हा 40,000 चा खर्च मालकांनी निम्मानिम्मा केला होता. म्हणून किराणा 20,000 नफ्यात आणि स्टेशनरी 5,000 तोट्यात.

निम्मानिम्मा वाटा दिसायला सरळ, पण त्याला आधार काय? विक्रीच्या प्रमाणात वाटला तर स्टेशनरीवर जेमतेम 5,200 रुपये येतात आणि तीच पावणेदहा हजार कमावते. एकाच महिन्याची दोन उत्तरं, आणि दोन्ही चुकीची. भाडं विक्रीवर ठरत नाही. साखरेचं पोतं लवकर खपतं म्हणून मालक जास्त भाडं मागत नाही. तो जागेचं भाडं घेतो. तेव्हा भाडं जागेवर वाटावं आणि पगार नोकरांच्या वेळेवर.

आम्ही टेप घेऊन गाळा मोजला. किराण्याने 240 चौरस फूट अडवले होते, स्टेशनरीने 80. गल्ला आणि येण्याजाण्याची वाट दोघांची, म्हणून ती बाजूला ठेवली. नुसत्या मापाने भाडं तीनास एक पडतं: 13,500 आणि 4,500. पण स्टेशनरी दारात आहे, रस्त्यावरून दिसते. त्या जागेचा मोल आतल्या कोपऱ्याइतका नाही. मालकांनाच विचारलं, तेव्हा ते म्हणाले, पुढची जागा दीडपट तरी धरा. म्हणजे 80 चे 120 झाले, प्रमाण दोनास एक, आणि स्टेशनरीचं भाडं 6,000. हा दीडपट आकडा अंदाजच आहे. पण तो एकदा ठरवून वहीत लिहून ठेवायचा आणि दर महिन्याला बदलायचा नाही.

पगाराला आठवडाभराची नोंद लागली. बारा हजारांचा नोकर पूर्ण वेळ किराण्यात: वजन करणं, पुड्या बांधणं, पोती उचलणं. दहा हजारांच्या मुलाच्या कामाचे तास मोजले तर साठ टक्के वेळ स्टेशनरीत जात होता. म्हणून पगारातले 6,000 स्टेशनरीवर, 16,000 किराण्यावर.

आता स्टेशनरीचा खर्च 12,000 आणि नफा 3,000. किराण्याचा खर्च 28,000, नफा 12,000. बेरीज 15,000, पूर्वीइतकीच. वाटणीने दुकानाचा नफा वाढत नाही, फक्त कोणाचा किती ते कळतं.

स्टेशनरी बंद करायची का, या प्रश्नाचं उत्तर मात्र या 3,000 मध्ये नाही. शोकेस हटवलं तरी गाळ्याचं भाडं 18,000 च राहणार. दुसऱ्या मुलाला काढता येत नाही, कारण उरलेला चाळीस टक्के वेळ तो किराण्यात लागतो. म्हणजे स्टेशनरी गेली की 15,000 चा ढोबळ नफा जातो आणि खर्च एक पैसाही कमी होत नाही. दुकानाचा सगळा नफा शून्यावर येतो. त्या जागेत किराण्याने तेवढाच ढोबळ नफा जास्त काढून दाखवला, तरच बंद करण्याला अर्थ. दहा टक्क्यांच्या हिशेबाने त्यासाठी दीड लाखाची जादा विक्री लागेल. मालकांनी मान हलवली, "तेवढी नाही व्हायची."

एक गळती मात्र सापडली. घरी जाणारी साखर, चहा, तेल कुठेच लिहिलं जात नव्हतं, त्यामुळे किराण्याचा नफा आहे त्याहून कमी दिसत होता. तो माल खरेदीच्या भावाने मालकांच्या उचलीत टाकायचा. दुकानाच्या बिलांसाठी वापरलेली पावतीपुस्तकं आणि पेनंही स्टेशनरीतून कमी करून खर्चात धरायची. ती दोन्ही विभाग वापरतात, म्हणून तो खर्चही दोघांत वाटायचा.

आणि जूनमध्ये वेळेची नोंद पुन्हा करायची. शाळा उघडताना दोन्ही नोकर दुपारनंतर वह्यांच्या गठ्ठ्यांतच असतात, तेव्हा साधारण महिन्याची टक्केवारी लावली तर किराण्यावर नको तेवढा पगार पडतो. मालकांनी शोकेसच्या मागे एक छोटी वही टांगली आहे. पाळी बदलली की मुलगा त्यात वेळ टिपतो.